तुटलेल्या ब्रॅकेटची जबानी

टेबलावर बिडाचे दोन तुकडे होते आणि तिसरा, अंगठ्याएवढा, कुठेच नव्हता. जुन्या इंग्लिश लेथच्या काउंटरशाफ्टचा हा ब्रॅकेट. मोटरकडून येणारा पट्टा या शाफ्टवरच्या पुलीला फिरवतो, आणि शाफ्टचं एक टोक या ब्रॅकेटमधल्या बेअरिंगमध्ये बसतं. खाली आयताकृती तळ, त्याला चार बोल्टांची भोकं. वर बेअरिंगचं गोल घर. दोघांना जोडणारी उभी भिंत आणि तिला आधार म्हणून दोन्ही बाजूंना बरगडी. भिंत घराच्या खालीच आडवी तुटली होती. जाता जाता तळाचा एक कोपरा उडाला होता, तोच हरवलेला तिसरा तुकडा.

लेथ बनवणारी कंपनी बंद होऊन जमाना झाला. नकाशा नाही, सुटा भाग मिळायची आशा नाही. मालकांचं म्हणणं सरळ होतं, “साहेब, तुमच्याकडे स्कॅनर आहे ना? स्कॅन करा आणि फाइल द्या. फौंड्रीवाल्याला देतो, तो ओतून देईल.”

हे वाक्य मी महिन्यातून दोनदा तरी ऐकतो. त्यात ‘स्कॅन करा’ आणि ‘फाइल द्या’ यांच्यामध्ये जो ‘आणि’ आहे, माझं सगळं काम तिथेच असतं. स्कॅनिंगला अर्धा दिवस लागला. त्या ‘आणि’ला चार दिवस.

स्कॅनर वस्तूवर प्रकाशाचे पट्टे टाकतो, कॅमेऱ्यांनी ते पट्टे कसे वाकले ते बघतो आणि पृष्ठभागावरचे लाखो बिंदू मोजतो. मग शेजारशेजारचे तीन-तीन बिंदू जोडून त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोणांची एक बारीक जाळी वस्तूच्या अंगाला चिकटल्यासारखी उभी राहते. हीच मेश. आमच्या ब्रॅकेटच्या दोन तुकड्यांचे मिळून सुमारे वीस लाख त्रिकोण झाले. ती साठवली जाते बहुधा एसटीएल फाइलमध्ये. १९८०च्या दशकात थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने आपल्या प्रिंटिंग यंत्रांसाठी काढलेला हा प्रकार. त्यात प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढंच लिहिलेलं असतं. एका त्रिकोणाला ५० बाइट, म्हणजे वीस लाखांना सुमारे शंभर एमबी. एवढ्या मोठ्या फाइलमध्ये ‘इथे भोक आहे’ असं एकदाही लिहिलेलं नसतं. आकडे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात, हेसुद्धा नसतं; त्यामुळे २५.४ पट मोठा किंवा लहान ब्रॅकेट पडद्यावर उगवणं ही या धंद्यातली नेहमीची गंमत आहे.

उलट इंजिनिअरच्या सॉफ्टवेअरमधलं सॉलिड म्हणजे भूमिती. तिथे बोअर हा एकच दंडगोल असतो: एक अक्ष, एक व्यास, एक खोली. व्यास बदलायचा तर आकडा बदलायचा. तळ ही एक सपाटी असते आणि तिची जाडी हे एक माप असतं. मेशमध्ये तोच बोअर म्हणजे काही हजार चिमुकल्या सपाट चकत्यांचं कडं. त्याचा व्यास विचारला तर उत्तर द्यायला तिथे कोणी नाही.

मग एकाचं दुसरं करणारं बटण नसतं का? असतं, आणि नवा माणूस आधी तेच दाबतो. फ्रीकॅडसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्येसुद्धा `Create shape from mesh` अशी आज्ञा आहे. तिने कवच मिळतं आणि त्याचं पुढे खरंच सॉलिड करता येतं, फक्त त्या सॉलिडला त्रिकोण होते तितक्याच बाजू असतात. संगणक गुडघे टेकतो. मेश आधी वीस लाखांवरून वीस हजारांवर आणली तर सॉलिड उघडतं, पण गोल घराचं अष्टपैलू रत्न झालेलं असतं, आणि बोअरचा व्यास बदलायचा तर एकेक चकती हलवत बसावं लागतं. महागड्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा एक मार्ग असतो: मेशवर गुळगुळीत वक्र पृष्ठभागांचे तुकडे चादरीसारखे ताणून बसवायचे. हे दिसायला फार देखणं दिसतं. गिऱ्हाईक खूश होतं. पण चादर जे खाली असेल त्याचाच आकार घेते. घासून लंबगोल झालेला बोअर, वाकडी बसलेली भिंत, उडालेला टवका, ओतकामात राहिलेला पोचा, हे सगळं त्या सुंदर सॉलिडमध्ये जसंच्या तसं उतरतं. पुतळा, मुखवटा, कृत्रिम अवयवाचा साचा अशा कामांना ती चादर उत्तम. यंत्राच्या भागाला ती चालत नाही, कारण आपल्याला तुटलेला ब्रॅकेट पुन्हा नको असतो, तो तुटण्याआधी, किंबहुना घासण्याआधी जो होता तो हवा असतो.

म्हणून मेशचं सॉलिडमध्ये रूपांतर करायचंच नसतं. मेश साक्षीदारासारखी समोर बसवायची, तिला एकेक प्रश्न विचारायचा आणि सॉलिड शून्यापासून नव्याने बांधायचं. यात खरी गोम अशी की साक्षीदार काही गोष्टी स्वतः बघितल्यासारख्या सांगतो आणि काही नुसत्या ऐकीव. कुठल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, हे आधी ठरवावं लागतं.

आमच्या ब्रॅकेटच्या बाबतीत ती रेघ निसर्गानेच आखून दिली होती: तुटलेली भेग. जी मापं एकाच तुकड्यावर आहेत, म्हणजे तळाच्या भोकांमधलं अंतर, तळाची जाडी, बोअरचा व्यास, ती स्कॅन स्वतः सांगू शकतो. जी मापं भेग ओलांडून जातात, म्हणजे तळापासून बोअरच्या अक्षाची उंची, अक्षाचा कल, अक्ष मध्यरेषेपासून किती बाजूला, ती दोन तुकडे आपण किती नीट जुळवले यावर ठरतात. आणि दुर्दैवाने ब्रॅकेटमध्ये महत्त्वाची मापं नेमकी हीच. त्याचं कामच मुळी शाफ्टला ठरावीक जागी धरून ठेवणं हे आहे.

एक गोष्ट पथ्यावर पडली. बीड ठिसूळ असतं. ते न वाकता काडकन तुटतं, त्यामुळे दोन तुकडे फुटलेल्या बशीसारखे एकमेकांत बऱ्यापैकी बसतात. साध्या पोलादाचा भाग असता तर तो तुटण्यापूर्वी ताणला आणि वाकला असता, मग तुकडे जुळवण्यात अर्थच उरला नसता. तरी मिस्त्रींनी सुचवलं तसं इन्स्टंट गोंदाने चिकटवून मी स्कॅन केलं नाही. तुटलेल्या तोंडावरचे दोन-चार कण गळालेले असतात, गोंदाचा थर असतो, आणि हाताने दाबताना एक बाजू किंचित उघडी राहते. तुकडे वेगवेगळे स्कॅन केले आणि पडद्यावर जुळवले. तिथे किमान चुकलं तर परत मागे जाता येतं.

स्कॅनिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डिझेलने तेलकट चिकटा काढला, तारेच्या ब्रशने गंज काढला, मशीन केलेल्या जागा सोडून. चकाकणाऱ्या जागांवर भेगा शोधायला वापरतात तो पांढरा डेव्हलपर स्प्रे हलका मारला. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजण्याइतका असतो, पण बोअरमध्ये तो दोन्ही बाजूंनी बसतो आणि व्यास दुप्पट फरकाने लहान दाखवतो, हे लक्षात ठेवायचं. आणखी एक: स्कॅनरच्या सॉफ्टवेअरला रिकामी जागा बघवत नाही. भोकाच्या खोल भागात प्रकाश पोचला नाही की ते आपणहून तिथे पडदा विणतं, खडबडीत जागा आपणहून गुळगुळीत करतं. ही दोन्ही सोंगं बंद ठेवावीत. जिथे दिसलं नाही तिथे भोकच राहू द्यावं, म्हणजे नंतर कळतं की इथे आपल्याला काही माहीत नाही.

आता पहिला प्रश्न: खाली कुठे? मेश पडद्यावर अधांतरी, कुठल्याही कोनात तरंगत असते. तिला यंत्राच्या अक्षांवर आणायचं तर ज्या तोंडावर भाग यंत्रात बसतो ते तोंड धरायचं. इथे तळाची मशीन केलेली खालची बाजू. तिच्यावरचे बिंदू निवडून त्यातून सर्वांत जवळून जाणारी सपाटी काढली. कडेचे दोन-तीन मिलिमीटर सोडले, कारण धारदार कड स्कॅनरला नेहमी किंचित गोल दिसते. ही सपाटी म्हणजे शून्य उंची. मग तळाच्या लांब बाजूला आडवी दिशा मानलं आणि भोकांच्या चौकोनाच्या मध्याला शून्य बिंदू. वरच्या ओबडधोबड कच्च्या पृष्ठभागांना इथे मत नाही. त्यांना मत दिलं की सगळी मापं वाळूच्या साच्याच्या लहरीवर हेलकावतात.

मग भोकं. चारांपैकी एक हरवलेल्या कोपऱ्याबरोबर अर्धं गेलं होतं. उरलेल्यांवरून अंतरं निघाली ११४.२२ आणि ६३.५५. मेट्रिकच्या चष्म्यातून हे आकडे विचित्र वाटतात. पण लेथ इंग्लिश, म्हणजे इंचातला. साडेचार इंच म्हणजे ११४.३ आणि अडीच इंच म्हणजे ६३.५. तळाची जाडी १२.६ निघाली, अर्धा इंच, आमच्या मिस्त्रींच्या भाषेत चार सूत, म्हणजे १२.७. एकदा इंचाची किल्ली सापडली की कुलुपं पटापट उघडतात. घराचा बाहेरचा व्यास ८२.३ होता, तो सव्वातीन इंचांचा, ८२.५५. भोकं १०.३ची, म्हणजे तीन सुती बोल्टासाठी मोकळीक ठेवलेली. भोकं खोलवर दिसली नव्हती म्हणून त्यांत ड्रिलचे दांडे घालून खात्री केली.

फक्त एक भोक लंबगोल होतं, एका दिशेला १०.३ आणि दुसऱ्या दिशेला जवळपास १२. कोणीतरी कानस लावली असेल असं आधी वाटलं. भिंगातून पाहिलं तर कानशीच्या रेघा नव्हत्या, बोल्टाच्या आट्यांचे ठसे होते. तो बोल्ट सैल होता आणि ब्रॅकेट कित्येक महिने त्यावर डुलत होता. म्हणजे तुटण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. सॉलिडमध्ये चारही भोकं गोल काढली. मालकांना बोल्टखाली स्प्रिंग वॉशर घालायला सांगितलं.

आता बोअर. यात सगळ्यात जास्त फसगत होते. सॉफ्टवेअरला पूर्ण बोअर निवडून दंडगोल बसवायला सांगितला तर त्याने ५७.२४ व्यास दिला. हा आकडा खोटा नाही, पण तो घासलेल्या आणि न घासलेल्या जागांची सरासरी आहे. बेअरिंगची बाहेरची कडी सैल पडून बोअरमध्ये सरकत फिरली होती आणि पट्ट्याच्या ओढीच्या बाजूला तिने जागा खाल्ली होती. दंडगोल त्या बाजूला ओढला गेला, म्हणजे व्यासाबरोबर केंद्रही हललं. इलाज असा की झीज कुठे पोचली नसेल ती जागा शोधायची. बोअर २० मिलिमीटर खोल होता आणि बेअरिंग त्यात साधारण सोळा मिलिमीटर बसल्याच्या खुणा होत्या. आत चार मिलिमीटरचा पट्टा अस्पर्श राहिला होता, कापणाऱ्या हत्याराच्या बारीक रेघांसकट. तेवढेच बिंदू घेऊन दंडगोल बसवला: ५७.१२. स्प्रेचा थर हिशेबात धरला की ५७.१५, म्हणजे सव्वादोन इंच. एक इंच आतला व्यास, सव्वादोन इंच बाहेरचा आणि पाच सूत म्हणजे १५.८७५ रुंदी, हे इंची बेअरिंग आजही मिळतं. त्याचा नंबर आरएलएस ८. शाफ्ट मोजला तर एक इंचाचाच होता. तिन्ही मापं एकमेकांना साक्ष देत होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बेअरिंगचा बोअर साधारणपणे शून्य ते ०.०३० मिलिमीटर मोठा इतक्या मर्यादेत ठेवतात. माझा स्कॅनर चांगला असला तरी प्रत्यक्ष कामात ०.०५च्या आसपास चुकतो. जी पट्टी मर्यादेपेक्षा जाड आहे तिने ती मर्यादा मोजता येत नाही. म्हणून बोअरचा व्यास स्कॅनमधून घ्यायचा नसतो, बेअरिंगच्या कॅटलॉगमधून घ्यायचा असतो. स्कॅनने फक्त ओळख पटवायची: हे कुठलं बेअरिंग आहे. पोलीस पायाच्या ठशावरून बुटाचा नंबर काढतात तसं. नंबर कळल्यावर बूट दुकानातूनच आणायचा.

दातेरी चाकांच्या बाबतीत हे आणखी खरं. घासलेल्या दाताची कड मेशवरून गिरवणारे मी पाहिले आहेत, आणि ती चाकं किंचाळताना ऐकली आहेत. दात गिरवायचा नसतो, मोजायचा असतो. तीस दातांच्या साध्या चाकाचा बाहेरचा व्यास ८० आला तर मॉड्यूल अडीच. कारण व्यास म्हणजे दातांत दोन मिळवून मॉड्यूलने गुणायचं. पण तोच व्यास ८१.३ आला तर ते झिजलेलं मॉड्यूल अडीच असूच शकत नाही, झिजेने चाक मोठं होत नाही. ते इंचातलं, दहा डायमेट्रल पिचचं. एवढं कळलं की दाताचा आकार सॉफ्टवेअर सूत्राने काढून देतं, मेशची गरज तिथेच संपते.

परत भेगेकडे येऊ. तुकडे पडद्यावर जुळवून अक्षाची उंची आली १२७.४ आणि अक्ष तळाशी समांतर नव्हता, ०.४ अंश कललेला होता. अर्ध्या अंशाहून कमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण सहाशे मिलिमीटर लांबीच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाशी तो कल चार मिलिमीटरांहून जास्त होतो. हा कल मूळचा होता की माझ्या जुळवणीचा? याचं उत्तर मेशमध्ये नाही. ते लेथवर होतं. शाफ्टचं दुसरं टोक धरणारा ब्रॅकेट वेगळ्या घडणीचा, पण शाबूत होता. हाइट गेज लावून तिथली उंची मोजली: १२७.०४. पाच इंच. दोन्ही टोकं एकाच मशीन केलेल्या पाटावर बसतात, म्हणजे आपलीही उंची पाच इंच आणि कल शून्य. मेश म्हणत होती १२७.४, मी लिहिलं १२७.०.

तिसरं माप होतं बाजूचं अंतर. बोअरचा अक्ष भोकांच्या मध्यरेषेवर नव्हता, १.७ मिलिमीटर एका बाजूला होता. उंची आणि कल ज्या जुळवणीच्या चुकीतून आले त्याच चुकीतून हेही आलं असणार, असं मी धरलं. शिवाय ब्रॅकेट दोन्हीकडून सारखा, देखणा. कोण कशाला दीड-पावणेदोन मिलिमीटर बाजूला सरकवेल? मी शून्य लिहिलं. इथे माझी चूक झाली.

वाचलो ते प्लॅस्टिकच्या प्रतीमुळे. बिडात जाण्याआधी थ्रीडी प्रिंटरवर पूर्ण मापाचा ब्रॅकेट काढायचा आणि यंत्रावर बसवून पाहायचा हा माझा शिरस्ता आहे. चार बोल्ट सुरळीत लागले. शाफ्ट सरकवला तर तो बोअरच्या मध्यावर आला नाही. मिस्त्री म्हणाले, “साहेब, भोकं बघा की पाटावरची. ती मुळातच बाजूला पाडल्यात.” त्यांचं बरोबर होतं. जुन्या यंत्रांत जोडणी करताना कारागीर भाग जागेवर नीट बसवून मग त्यावरूनच भोकं पाडत. शाफ्ट सरळ आला, भोकं जरा बाजूला गेली, कोणाचं काही बिघडलं नाही. साच्यासारख्या पट्टीने पाडल्यामुळे भोकांची आपसांतली अंतरं इंचात अचूक होती, पण पूर्ण चौकोन सरकलेला होता. पाटावर मोजलं: १.६५. हे माप कुठल्याही नकाशावर नसणार. ते त्या मॉडेलचं नव्हतं, त्या एका लेथचं होतं. तेव्हा इंचाच्या जवळचा आकडा दिसला की तो पूर्णांकात बसवायचा, हा नियम वापरताना आधी विचारायचं की हे माप नकाशावर ठरलं होतं की जोडणीच्या टेबलावर.

उरलेला आकार बांधणं त्या मानाने सुखाचं असतं. भिंतीतून एक कापलेला छेद घेतला. मेशचा छेद म्हणजे हजारो तुकड्यांची थरथरती रेघ, एखाद्या म्हाताऱ्याच्या सहीसारखी. ती गिरवायची नाही. तिच्यावरून सरळ रेघा आणि कमानी टाकायच्या, जितक्या कमी तितकं चांगलं. आमचं काम पाच रेघा आणि तीन कमानींत भागलं. छेदाला जाडी दिली, बरगड्या लावल्या. भिंत घराकडे जाताना दोन्ही अंगांनी दीड अंशाने निमुळती होत होती. हा वाळूच्या साच्यातून पॅटर्न सहज निघावा म्हणून दिलेला उतार, तो ठेवला. साच्याचे दोन अर्धे सरकल्यामुळे मधल्या शिवणीवर अर्ध्या मिलिमीटरची पायरी होती, ती टाकली. कोपऱ्यांतल्या गोलाया अगदी शेवटी. त्या आधी दिल्या की पुढे कुठलंही माप बदललं तरी सॉलिड फाटतं आणि लाल अक्षरांत रडत बसतं. गोलाया मेशवर ५.४, ६.८, ६.१ अशा काहीही निघतात, कारण पॅटर्नवर त्या मेणाने किंवा पुटीने हाताने दिलेल्या असत. सगळ्या ६ केल्या.

फक्त घराच्या खालची गोलाई मेशवर जेमतेम ३ होती, आणि ब्रॅकेट तिथूनच तुटला होता. आतल्या कोपऱ्याची गोलाई जितकी लहान तितका ताण तिथे एकवटतो. ती मी ८ केली. मेशवर हे करायचं म्हटलं तर लांबी-रंध्याचं काम झालं असतं. सॉलिडमध्ये एक आकडा बदलला.

झाल्यावर सॉलिड आणि मेश एकमेकांवर ठेवून रंगीत नकाशा काढतात: जिथे दोन्ही जुळतात तिथे हिरवा, सॉलिड आत किंवा बाहेर असेल तिथे निळा-लाल. गिऱ्हाइकाला पूर्ण हिरवा नकाशा हवा असतो. मला तसा दिसला की शंका येते, कारण पूर्ण हिरवा म्हणजे झीजसुद्धा नकलून घेतली. आमच्या नकाशात ओतीव अंग बहुतेक ०.३ मिलिमीटरच्या आत हिरवं होतं. लाल कुठे होतं? बोअरच्या झिजलेल्या बाजूला, लंबगोल भोकात, शिवणीच्या पायरीवर, घराखालच्या नव्या गोलाईत. आणि वरचा अख्खा तुकडा एका बाजूला हळूहळू रंगत जाणारा, तोच ०.४ अंशांचा कल. प्रत्येक लाल डागाला माझ्याकडे कारण होतं. एका डागाला नव्हतं, बरगडीच्या टोकाशी. पाहिलं तर तिथे मीच एक रेघ चुकीच्या छेदावर काढली होती. नकाशा याच्यासाठी असतो.

फाइल देणार तेवढ्यात मालकांचा फोन आला. इंची बेअरिंग मिळायला वेळ लागतोय आणि महागही पडतंय. शाफ्ट टर्न करून २५ला आणला तर बाजारातलं साधं ६२०५ बसेल का? ६२०५ म्हणजे आत २५, बाहेर ५२, रुंदी १५. शाफ्टवरून ०.४ मिलिमीटर जाणार, त्याने काही बिघडत नाही. मी ५७.१५च्या जागी ५२ टाकलं, मागे बेअरिंग टेकायची पायरी त्या प्रमाणात लहान झाली, घराची भिंत उलट जाड झाली. फोन ठेवायच्या आत काम झालं होतं. चादर ताणलेलं सॉलिड दिलं असतं तर हा फोन मला आठवडाभर पुरला असता.

फौंड्रीसाठी त्याच सॉलिडची दुसरी प्रत निघाली. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा. तळाला आणि घराच्या तोंडाला मशीनिंगसाठी ३ मिलिमीटर जास्तीचे. बोल्टांची भोकं बुजवलेली, ती नंतर ड्रिलने. ही प्रत मूळ सॉलिडला बांधलेली असते, मूळ बदललं की तीही बदलते. हा उलटा हिशेब मेशवर करता येत नाही, कारण मेशला कुठली बाजू मशीन केलेली आणि कुठली कच्ची हेच माहीत नसतं.

एक राहिलं. बरगडीच्या वर, घराच्या बाजूला, दोन सुती आट्यांचं एक आंधळं भोक होतं. त्याला जोडलेलं काही नव्हतं. तेलाची वाटी असेल, पट्ट्याच्या पत्र्याचा स्क्रू असेल, मालकांना आठवेना, मिस्त्रींना आठवेना. तेल द्यायचं तर भोक बोअरपर्यंत जायला हवं होतं आणि ते जात नव्हतं. काढून टाकणं सोपं होतं. मी ते ठेवलं, मेशवर होतं त्याच जागी, त्याच खोलीचं, आणि नकाशावर लिहिलं: आटे पाडणे. टर्नरने पाडले. नवा ब्रॅकेट चढून आता सहा महिने झाले, लेथ चालू आहे, आणि त्या भोकात अजून कोणी काही लावलेलं नाही.